पैशाचे कागद : अकरा चेक आणि एक पत्र

पुण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट 18,000 रुपये भाड्याने घेतला, लीव्ह अँड लायसन्सचा करार 1 जून 2025 पासून अकरा महिन्यांचा झाला, की घरमालक पुढच्या तारखांचे अकरा चेक मागतो. भाडेकरू एका बैठकीत सह्या ठोकतो, चेक पाकिटात घालून देतो. पोच मागायला संकोच वाटतो. खरी चूक इथेच होते.

चेकसोबत एक पानाचे पत्र द्यावे. मजकूर साधाच : 'चेक क्र. 000451 ते 000461, दरमहा 5 तारखेचे, 5 जून 2025 ते 5 एप्रिल 2026, प्रत्येकी 18,000, एकूण 1,98,000 रुपये.' खाली प्रत्येक क्रमांकापुढे तारीख आणि महिना लिहिलेला तक्ता. बँकेचे व शाखेचे नाव, कराराची तारीख. दोन प्रती काढायच्या आणि एकीवर मालकाची 'चेक मिळाले' अशी तारखेसह सही घ्यायची.

पण पत्राचा जीव आहे तो 'कशासाठी' या रकान्यात. 'जून 2025 चे भाडे' असे स्पष्ट लिहावे. नुसते 'करारापोटी' लिहिले, तर तोच चेक पुढे अनामत, दुरुस्ती किंवा थकबाकी म्हणून दाखवता येतो. मग भाडे आधीच दिले, हे भाडेकरूला सिद्ध करत बसावे लागते, कारण चेक देण्यापोटी दिला आहे असेच कायदा आधी गृहीत धरतो.

सावकार किंवा वित्तसंस्थेला चेक देणारे अनेकदा 'फक्त सुरक्षेसाठी' लिहून निर्धास्त होतात. या शब्दाला फारसे बळ नाही. 2016 साली संपेली सत्यनारायण राव खटल्यात कर्जाच्या करारात चेकना 'सिक्युरिटी' म्हटले होते. तरी कर्ज वितरित झाले होते आणि चेकवरच्या तारखेला हप्ता देय होता, म्हणून चेक न वटल्यावर कलम 138 लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

मधेच काही रक्कम वेगळी भरली तर? समजा, ऑक्टोबरचे 10,000 यूपीआयने दिले आणि पूर्ण 18,000 चा चेक मालकाकडेच राहिला. दशरथभाई पटेल खटल्यात 2022 साली न्यायालयाने म्हटले, की अंशतः भरणा झाला असेल तर त्याची नोंद चेकवर हवी. तशी नोंद नसताना पूर्ण रकमेचा चेक वटवायला टाकला आणि तो परत आला, तर कलम 138 चा गुन्हा होत नाही. म्हणजे भाडेकरूला बचाव आहे, पण तो कोर्टात. त्याआधी खात्यातून पूर्ण 18,000 जाऊही शकतात. त्यामुळे जुना चेक परत घेऊन 8,000 चा नवा द्यावा आणि अदलाबदल दोन्ही प्रतींवर लिहून सह्या घ्याव्यात.

पत्राची शेवटची ओळ घर सोडण्याविषयी हवी : 'करार मुदतीपूर्वी संपल्यास न वटवलेले चेक सात दिवसांत परत द्यावेत.' नोव्हेंबरअखेर घर सोडले, तर 000457 ते 000461 हे पाच चेक क्रमांकांनिशी मागता येतात. चेक त्यावरच्या तारखेपासून तीनच महिने चालतो. म्हणून तारखेची जागा कोरी ठेवून चेक कुणालाही देऊ नये.