पत्रकं वाटली की विक्री घटते? जुळ्या कॉलमचा घोळ

समजा, तुमच्याकडे ९० दिवसांच्या विक्रीचा डेटा आहे. एक्सेलच्या रिग्रेशनमध्ये तुम्ही दोन कॉलम दिले: त्या दिवशी वाटलेली पत्रकं आणि पत्रकांवरचा खर्च. R Square आला 0.82, म्हणजे मस्तच. पण दोन्ही कॉलमची P-value 0.05 च्या बरीच वर, आणि पत्रकांपुढचा आकडा चक्क उणे! मग पत्रकं बंद करायची का? थांबा.

पत्रकं वाढली की खर्चही वाढतोच. दोन्ही कॉलम जवळपास एकच गोष्ट सांगतायत, त्यामुळे विक्रीचं श्रेय कुणाला किती द्यायचं हे रिग्रेशनला नीट वेगळं करताच येत नाही. चार-पाच दिवस वगळून परत चालवून बघा, हे आकडे उड्या मारतील. यालाच मल्टिकोलिनिअॅरिटी म्हणतात.

B मध्ये पत्रकं आणि C मध्ये खर्च असेल तर हे टाका:

```
=1/(1-CORREL(B2:B91,C2:C91)^2)
```

हा झाला व्हीआयएफ. कोरिलेशन ०.९७ असेल तर उत्तर साधारण १७ येतं. ढोबळ हिशेब असा, की ५ च्या वर सावध व्हा आणि १० च्या वर त्या आकड्यांवर निर्णय घेऊ नका. कॉलम तीन असले की मात्र हा फॉर्म्युला पुरत नाही. तेव्हा एका कॉलमचं उरलेल्या दोघांवर रिग्रेशन चालवा आणि त्याचा R Square `1/(1-R²)` मध्ये टाका.

इथे मी एक कॉलम काढेन आणि खर्च ठेवेन, कारण बजेट रुपयांतच ठरतं ना! तुम्हाला फक्त एकूण विक्रीचा अंदाज हवा असेल, आणि पत्रकं व खर्च पुढेही असेच जोडीने हलणार असतील, तर दोन्ही ठेवले तरी चालतं.