लोकसंख्या सांगताय? मग ‘कधीची’ तेही सांगा!

कॉलेजचं प्रेझेंटेशन असो की रीलची स्क्रिप्ट, महाराष्ट्राची लोकसंख्या शोधायला गेलात की दोन आकडे हमखास भेटतात. एक ११ कोटी २४ लाख, दुसरा १२ कोटी ४४ लाख. यातला खोटा कुठलाच नाही. फक्त पहिला मोजलेला आहे आणि दुसरा गणिताने काढलेला.

पहिला २०११ च्या जनगणनेचा. पूर्ण आकडा ११,२३,७४,३३३. प्रगणक घरोघरी फिरले फेब्रुवारीत, पण हिशेब धरला १ मार्च २०११ उजाडतानाचा, म्हणजे रात्री बाराचा. त्यानंतर जन्मलेलं बाळ यात नाही. हा झाला संदर्भ दिनांक.

दुसरा आकडा १ मार्च २०२१ चा. पण त्या वर्षी जनगणना झालीच नव्हती! केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने २०११ ची संख्या पाया धरली, पुढचे जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांचे अंदाज बांधले आणि थेट २०३६ पर्यंतचे आकडे मांडले. हे प्रक्षेपण. २०२१ चा आकडाही ते साल उजाडण्याआधीच तयार होता. त्यामुळे कुठे ‘जनगणना २०२१ नुसार’ असं दिसलं, तर समजा की लिहिणाऱ्याने प्रक्षेपणाला जनगणनेचं लेबल लावलंय.

याने काय बिघडतं? रेशनचंच बघा. अन्नसुरक्षा कायद्यात महाराष्ट्रातल्या लाभार्थ्यांची मर्यादा सुमारे ७ कोटी आहे आणि ती २०११ च्या जनगणनेवरून ठरली. तेव्हाच्या लोकसंख्येच्या हे ६२ टक्के. हेच ७ कोटी २०२१ च्या प्रक्षेपणाशी ताडले, तर जेमतेम ५६ टक्के. म्हणजे ‘राज्यातल्या ६२ टक्के लोकांना स्वस्त धान्य’ असं आज कुणी लिहिलं, तर वाढलेली माणसं त्या वाक्यातून गायबच होतात.

मग ओळखायचं कसं? तक्त्याचं शीर्षक आणि खालची बारीक टीप आधी वाचा. ‘प्रक्षेपित’ किंवा ‘अंदाजित’ हे शब्द बहुतेकदा तिथेच असतात. अहवालाच्या कव्हरवरचं साल हे छपाईचं साल, आकड्याचं नव्हे. शेवटी तीन शून्यं असतील, तर तो बहुधा हजारांत मांडलेला अंदाज असतो. उलट शेवटच्या अंकापर्यंत नेमका दिसणारा प्रत्येक आकडा मोजलेला असतोच असं नाही. वेबसाइटवर दर सेकंदाला पळणारा लोकसंख्येचा काउंटरही अंदाजच.

आणि तुम्ही लिहाल तेव्हा आकड्याशेजारी दोनच गोष्टी टाका, प्रकार आणि साल: ‘१२.४४ कोटी, प्रक्षेपण, मार्च २०२१’. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरलाय. तिचे आकडे आले की या प्रक्षेपणाचा अंदाज कितपत जमला, तेही कळेल.