ऑफसाइटचा अजेंडा: आधी मोकळा वेळ लिहा

एखाद्या कंपनीचा ऑफसाइटचा अजेंडा उघडून बघा. सकाळी नऊला स्वागत, सव्वानऊला एमडींचं भाषण, मग प्रत्येक खात्याचं प्रेझेंटेशन, जेवण, पुन्हा प्रेझेंटेशन, पाचला टीम बिल्डिंग, आठला डीजे आणि जेवण. दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा, शेवटी ग्रुप फोटो. एक्सेलमध्ये रिकामा चौकोन दिसला की आखणाऱ्याला अपराधी वाटतं आणि तो काहीतरी टाकून भरला जातो. माणसं परततात तेव्हा दमलेली असतात, आणि काय ठरलं हे विचारलं तर ‘मजा आली’ एवढंच सांगता येतं.

असा अजेंडा फसतो, कारण तो सेशन्सपासून सुरू होतो आणि मोकळा वेळ उरला तर देतो. प्रवास लांबला किंवा भाषण वाढलं की पहिला घास त्या उरलेल्या वेळाचाच जातो. आखणी उलट्या क्रमाने करायला हवी. दुसऱ्या दिवशी दुपारी कोणता निर्णय हातात हवा हे आधी ठरवायचं, मग तो निर्णय पिकायला लागणारा मोकळा वेळ राखून ठेवायचा आणि सेशन्स त्याच्या दोन्ही बाजूंना बसवायची.

एक उदाहरण घेऊ. समजा, भोसरीच्या एमआयडीसीत औद्योगिक पंप बनवणारी एक कंपनी आहे. उत्पादन, विक्री आणि सर्व्हिस मिळून ३६ माणसांना ती गुरुवार-शुक्रवारी लोणावळ्याला नेते आहे. शनिवार-रविवार जाणीवपूर्वक टाळले आहेत. कामासाठी सुट्टी गेली ही खंत घेऊन आलेला माणूस पहिल्या सेशनपासूनच घड्याळ बघत बसतो. ऑफसाइटचा प्रश्न एकच आहे: पंपांची डिलिव्हरी उशिरा का जाते आणि येत्या सहा महिन्यांत त्यातल्या कोणत्या तीन गोष्टी बदलायच्या? ‘संवाद वाढवणे’ किंवा ‘पुढची दिशा’ असे विषय इथे चालत नाहीत, कारण त्यांचं उत्तर मिळालं की नाही हे शुक्रवारी कुणालाच सांगता येणार नाही.

आता आपल्या हातात नसलेल्या वेळा कागदावर मांडू. बस साडेसातला सुटली तर सव्वानऊच्या सुमारास पोहोचेल. बहुतेक हॉटेलांत खोल्या दुपारी दोनच्या आसपास मिळतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास सोडाव्या लागतात. ही साधी गोष्ट अनेक अजेंडे विसरतात. मग ऐन चर्चेत रिसेप्शनवरून फोन येतो आणि निम्मी माणसं बॅगा भरायला उठतात. म्हणून सामान शुक्रवारी नऊच्या आत खाली आणायचं हे आधीच सांगून ठेवायचं. परतीची बस सव्वादोनला ठेवायची, म्हणजे शुक्रवार संध्याकाळची गर्दी रस्त्यावर यायच्या आत घरी पोहोचता येतं.

या खुंट्यांमध्ये पहिला दिवस असा बसतो. नाश्ता झाला की दहाला एमडी वीस मिनिटं बोलतील. प्रश्न कोणता, निर्णय कोण घेणार आणि कोणत्या गोष्टी आधीच ठरल्या आहेत, एवढंच त्यांनी सांगायचं. शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. नवीन मशीनसाठी यंदा पैसे नाहीत हे ठरलेलं असेल तर ते तिथेच सांगावं. नाहीतर लोक अर्धा दिवस मशीन मागण्यात घालवतात आणि शेवटी नकार ऐकून चिडतात.

त्यानंतर सत्तर मिनिटं खात्यांची माहिती, पण प्रेझेंटेशन नाही. प्रत्येक खात्याने दोन पानांचं टिपण चार दिवस आधी पाठवायचं, सुरुवातीची दहा मिनिटं सगळ्यांनी ते तिथेच शांतपणे वाचायचं आणि मग फक्त प्रश्न विचारायचे. चहानंतर पावणेबारा ते एक गटचर्चा. गट का हवेत, हे साध्या भागाकाराने कळतं. ३६ माणसं एका सभागृहात नव्वद मिनिटं बसली तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिनिटं येतात. प्रत्यक्षात पाच जण बोलतात आणि एकतीस ऐकतात. सहा-सहाच्या सहा गटांत पंचाहत्तर मिनिटं दिली तर प्रत्येकाला बारा मिनिटं मिळतात. प्रत्येक गटात तिन्ही खात्यांची माणसं हवीत, आणि साहेब व त्यांच्या हाताखालचा माणूस शक्यतो वेगवेगळ्या गटांत हवा.

गटात बोलण्याआधी पाच मिनिटं प्रत्येकाने आपापलं लिहून काढायचं. डील आणि श्ट्रोब या मानसशास्त्रज्ञांनी १९८७मध्ये दाखवून दिलं की, एकत्र बसून कल्पना सुचवणाऱ्या गटापेक्षा तितकीच माणसं स्वतंत्रपणे जास्त कल्पना काढतात. मोठं कारण असं की एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबता थांबता सुचलेलं विसरलं जातं. लिहून झाल्यावर गटाने एकाच मोठ्या कागदावर आपल्या सूचना उतरवायच्या. सहा गटांनी दहा-दहा मिनिटं सांगायचं म्हटलं तर तासभर त्यातच जातो. त्याऐवजी कागद चहाच्या व्हरांड्यातल्या भिंतीवर लावून टाकायचे. संध्याकाळी त्यांचा उपयोग आहे.

जेवण आणि खोल्या मिळण्यात तीन वाजतात. दुपारी जेवणानंतर शरीर आपसूक मंदावतं, आणि त्या वेळी चर्चा ठेवली तर डुलक्यांशी झुंज द्यावी लागते. म्हणून टीम अॅक्टिव्हिटीची जागा हीच, तीन ते साडेचार. इथे दोन पर्याय हवेत. एक चालण्याचा, उदाहरणार्थ मळवलीजवळची भाजे लेणी. दुसरा बसून करण्याचा, म्हणजे गटाने चुलीवर पिठलं-भाकरी करणं किंवा आवारातच कोडी सोडवत फिरणं. पावसाळा असेल तर दोन्ही पर्याय छपराखालचे ठरवावेत. गुडघे दुखणाऱ्या किंवा गरोदर सहकाऱ्याला सगळ्यांसमोर कारण सांगून बाजूला बसावं लागत असेल, तर ती अॅक्टिव्हिटी चुकली. डोळे मिटून मागे पडण्याचे, एकमेकांना उचलण्याचे खेळ तर टाळलेलेच बरे. एरवी न भेटणाऱ्या दोघांना हाताने काहीतरी एकत्र करायला मिळालं की काम झालं. भाकरी थापताना उत्पादनातला फोरमन आणि विक्रीतली नवी मुलगी एकमेकांचं नाव शिकतात, आणि दुसऱ्या दिवशी वाद झाला तरी तो थोडा सौम्य होतो. वादानंतर खेळ ठेवण्यापेक्षा आधी ठेवण्याचा फायदा हाच.

साडेचारला चहा. मग पावणेपाच ते सव्वापाच फक्त फोन आणि मेल. ग्राहकाचा पंप बंद पडला तर सर्व्हिसवाल्यांना फोन घ्यावाच लागतो. ही अर्ध्या तासाची जागा दिली नाही तर ते काम मोकळ्या वेळात झिरपतं.

सव्वापाच ते आठ पूर्ण मोकळे. ‘ऐच्छिक क्रिकेट’, ‘अनौपचारिक गप्पा, साहेबांसोबत’ असलं काही त्यात नको. साहेब हजर असलेली ऐच्छिक गोष्ट कुणालाच ऐच्छिक वाटत नाही. कुणी झोपेल, कुणी घरी मुलांशी बोलेल, कुणी भिंतीवरच्या कागदांपुढे उभं राहून ‘हे कुणी लिहिलं?’ म्हणून विचारेल. हॅरिसन ओवेन या अमेरिकी सल्लागाराने १९८०च्या दशकात मेहनतीने एक परिषद भरवली होती. लोकांना त्यातली कॉफीची सुट्टीच सगळ्यात आवडली, हे पाहून त्याने ‘ओपन स्पेस’ ही सभेची नवी पद्धत घडवली. आपल्याला तितकं पुढे जायची गरज नाही. सकाळी मांडलेली अडचण आणि सकाळचा निर्णय यांच्यामध्ये एक संध्याकाळ आणि एक रात्र आली, तरी लोक पहिल्या आवेशातलं मत सोडून दुसऱ्याचं ऐकायला तयार होतात.

आठला जेवण. शाकाहारी, जैन आणि उपवासाच्या ताटांची यादी आधीच दिलेली हवी. दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे, म्हणजे डीजेचा प्रश्न आपोआप मिटतो. आणखी एक गोष्ट आयोजकांच्या लक्षात असावी. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा ऑफसाइटच्या जागेला आणि कंपनीच्या बसलाही लागू होतो. तक्रार कुणाकडे करायची हे निघण्यापूर्वीच सगळ्यांना माहीत हवं.

शुक्रवारी नऊला कामाचा गाभा सुरू होतो. प्रत्येकाला तीन टिकल्या द्यायच्या. भिंतीवरच्या कागदांपैकी ज्या सूचना सहा महिन्यांत शक्य वाटतात त्यांवर वीस मिनिटांत त्या चिकटवायच्या. एमडी सर्वांत शेवटी चिकटवतील. त्यांची टिकली आधी लागली तर उरलेल्या त्याच कागदाकडे धावतात. सर्वाधिक टिकल्यांच्या तीन सूचनांवर पावणेअकरापर्यंत चर्चा होईल, आणि तिथे आक्षेप मागून घ्यावे लागतात. दहा मिनिटांत सगळे होकार देत असतील तर खरा मुद्दा टेबलावर आलेला नाही. अशा वेळी ‘हे फसलं तर कशामुळे फसेल?’ एवढं लिहून मागावं. अकरा ते साडेबारा तीन गट प्रत्येक सूचनेची पहिली पायरी, एका माणसाचं नाव आणि तारीख ठरवतात. शेवटच्या अर्ध्या तासात ते वाचून दाखवतात आणि एमडी तिथल्या तिथे हो, नाही किंवा किती पैसे ते सांगतात.

बेरीज केली तर दोन दिवसांत सेशन्सचे साडेसहा तास भरतात. अनेक व्यवस्थापकांना हे फार कमी वाटेल. पण एका प्रश्नाला साडेसहा तास पुरतात, आणि पाच प्रश्नांना बारा तासही पुरत नाहीत.

ही आखणी पहिला धक्का बसला की मोडते, म्हणून काय कापायचं हे आधीच लिहून ठेवावं. बस चाळीस मिनिटं उशिरा आली तर खात्यांच्या प्रश्नोत्तरांतून तो वेळ काढायचा, कारण टिपणं वाचलेली आहेत. गटचर्चा, संध्याकाळ आणि शेवटचा अर्धा तास यांना हात लावायचा नाही. वेळ सांभाळायला एक माणूस हवा, आणि एमडींना थांबवायची परवानगी त्याला सगळ्यांसमोर दिलेली हवी.

यश मोजायला अभिप्रायाचे फॉर्म फारसे उपयोगी नाहीत, कारण त्यांत जेवणाला गुण मिळतात. त्याऐवजी महिनाभराने बघावं, तीन पहिल्या पायऱ्यांपैकी किती झाल्या. आणि मुळात असा एकही प्रश्न सापडत नसेल, लोक वर्षभर राबले आहेत म्हणून त्यांना बाहेर न्यायचं असेल, तर सरळ सहल काढावी. तिला प्रोजेक्टर लागत नाही, आणि अजेंड्यात बसची आणि जेवणाची वेळ लिहिली की पुरे.