‘फारसे पैसे आहेत’ असं कोणी म्हणतं का?

‘माझ्याकडे फारसे पैसे नाहीत’ हे वाक्य महिनाअखेरीला घरोघरी ऐकू येतं. पण पगाराच्या दिवशी ‘माझ्याकडे फारसे पैसे आहेत’ असं कोणी म्हणत नाही. नुकतं बोलायला शिकलेलं पोरही असं बोलणार नाही. ‘फारसा’ या शब्दाला ‘नाही’ची सोबत लागते. हे कुठल्या मास्तरांनी शिकवलेलं नसतं, ते कानाला कळतं.

इंग्रजीतला ‘मच’ याच जातकुळीचा शब्द आहे. ‘आय डोन्ट हॅव मच मनी’ हे वाक्य अगदी सहज येतं. त्यातला नकार काढून ‘आय हॅव मच मनी’ म्हटलं, की इंग्रज माणूस अडखळतो. ‘फारसे पैसे आहेत’ इतकं ते चुकीचं वाटत नाही, पण जुन्या पोथीतून उतरवून घेतल्यासारखं वाटतं. तिथे रोजच्या बोलण्यात ‘अ लॉट ऑफ मनी’ येतं.

शाळेत शिकवलेला नियम निम्माच असतो, म्हणून ही गडबड होते. मोजता येणाऱ्या नामांना ‘मेनी’ आणि न मोजता येणाऱ्यांना ‘मच’, एवढं सगळ्यांना पाठ असतं. ते खरंही आहे. मात्र वाक्य होकारी आहे की नकारी, आणि ते कट्ट्यावर बोललं जाणार आहे की अर्जात लिहिलं जाणार आहे, याबद्दल हा नियम काहीच सांगत नाही. शिवाय मोजता येणारं काय, यावर मराठी आणि इंग्रजीचं एकमत नाही. आपले ‘पैसे’ अनेकवचनी, ‘केस’ अनेकवचनी, ‘बातम्या’ आणि ‘सल्ले’ही अनेकवचनी. इंग्रजीत मनी, न्यूज आणि अॅडव्हाइस मोजता येत नाहीत, आणि डोक्यावरचे सगळे केस मिळून एकच ‘हेअर’. त्यामुळे ‘मेनी मनी’ ही चूक अडाणीपणातून होत नाही. बोलणाऱ्याच्या मनातले पैसे मराठी असतात, एवढंच.

दुसरी दिशाभूल ‘थँक यू व्हेरी मच’ करतं. बहुतेकांच्या कानावर पडलेला हा पहिला ‘मच’, आणि वाक्य तर होकारी! मग ‘मच’ला नकार आवडतो हे खरं कसं मानायचं? यातलं गुपित ‘व्हेरी’त आहे. ‘व्हेरी’, ‘सो’, ‘टू’, ‘अॅज’ यांपैकी कोणी पुढे असलं, की ‘मच’ होकारी वाक्यातही बिनधास्त वावरतो. ‘आय लाइक इट व्हेरी मच’ चालतं आणि ‘टू मच सॉल्ट’ही चालतं. नुसतं ‘आय लाइक इट मच’ मात्र लंगडं पडतं. ‘मच बेटर’सारख्या तुलनेतही त्याला नकार लागत नाही. प्रश्नातही तो सहज बसतो: ‘इज देअर मच ट्रॅफिक?’ इथे ‘फारसा’शी असलेलं त्याचं साम्य संपतं. मराठीत असा प्रश्न विचारताना आपण ‘फार ट्रॅफिक आहे का?’ म्हणतो, ‘फारसं’ आणायचं तर ‘फारसं ट्रॅफिक नाही ना?’ असा नकार सोबत घ्यावा लागतो.

‘मेनी’ इतका हट्टी नाही. ‘शी हॅज मेनी फ्रेंड्स’ हे होकारी वाक्य उत्तम आहे, फक्त गप्पांत ते जरा पुस्तकी वाटतं. मैत्रिणीशी बोलताना इंग्रज बाई ‘अ लॉट ऑफ फ्रेंड्स’ म्हणेल, आणि अहवालात ‘मेनी’ लिहील.

‘मच’ एकेकाळी चांगला ऐसपैस शब्द होता. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप ‘मिचेल’ आणि अर्थ ‘मोठा’. इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात ‘मच वेनलॉक’ नावाचं गाव आहे, तिथला ‘मच’ म्हणजे आपल्या ‘बुद्रुक’सारखाच. आज हा मोठेपणा गंभीर लेखनात शिल्लक आहे. ‘मच हॅज बीन रिटन ऑन धिस सब्जेक्ट’ किंवा ‘मच ऑफ द वर्क इज कम्प्लीट’ ही होकारी वाक्यं निबंधात किंवा सरकारी अहवालात शोभून दिसतात. चहाच्या टपरीवर ती भाषणासारखी वाटतील.

‘अ लॉट ऑफ’चा जन्म निराळ्या घरातला. ‘लॉट’ म्हणजे मुळात चिठ्ठ्या टाकताना वापरायचा लाकडाचा वगैरे तुकडा. ‘लॉटरी’ही याच गोतावळ्यातली. पुढे त्याचा अर्थ वाट्याला आलेला हिस्सा असा झाला, मग लिलावातला एकगठ्ठा माल. ‘या लॉटमधला कांदा खराब निघाला’ म्हणणारा आपला व्यापारी हाच अर्थ वापरत असतो. ‘पुष्कळ’ हा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकात चिकटला. त्याच्या अंगावरची बाजाराची धूळ अजून पुरती गेलेली नाही, म्हणून औपचारिक लेखनात लोक त्याला जरा दूर ठेवतात. तिथे मोजता येणाऱ्यांसाठी ‘अ लार्ज नंबर ऑफ’ आणि न मोजता येणाऱ्यांसाठी ‘अ ग्रेट डील ऑफ’ येतं. बोलताना मात्र ‘लॉट’ दोन्हीकडे चालतो, नकारातही चालतो: ‘आय डोन्ट हॅव अ लॉट ऑफ टाइम’.

नकारात आणखी एक खाचखळगा आहे. समजा, कार्यक्रमाला 500 जणांना बोलावलं, 440 आले आणि 60 आले नाहीत. यावर ‘मेनी पीपल डिडन्ट कम’ म्हणता येईल, कारण साठ जणांची अनुपस्थिती कमी नव्हे. पण ‘नॉट मेनी पीपल केम’ म्हटलं तर ते धडधडीत खोटं ठरेल. पहिलं वाक्य न आलेल्यांविषयी आहे, दुसरं आलेल्यांविषयी. मराठीतही ‘बरेच लोक आले नाहीत’ आणि ‘फारसे लोक आले नाहीत’ यांत हाच फरक आहे. इंग्रजी लिहिताना ‘नॉट’ची जागा चुकली, तर भरलेला हॉल कागदावर रिकामा होतो.

‘प्लेंटी ऑफ’ म्हणजे नुसतं ‘खूप’ नव्हे. ‘हवं तेवढं, वर उरेल इतकं’ हा त्याचा भाव. स्टेशनवर धापा टाकत आलेल्याला ‘देअर इज प्लेंटी ऑफ टाइम’ सांगितलं, की घाई करू नका हे त्यातच आलं. मुबलकतेचा दिलासा देणारा हा शब्द म्हणूनच नकारात अवघडतो. ‘वी डोन्ट हॅव प्लेंटी ऑफ टाइम’ यापेक्षा ‘मच टाइम’ सरळ. आणि ‘देअर इज प्लेंटी ऑफ पोल्यूशन’ म्हटलं, तर प्रदूषण हवं तेवढं आहे असा तिरकस वास त्याला येऊ शकतो.

आता एक अर्ज पाहू. हिशेबनिसाच्या जागेसाठी कोणी तरी लिहिलं आहे, असं समजा. पहिलं वाक्य: ‘आय हॅव मच एक्स्पिरियन्स इन अकाउंट्स.’ वाक्य होकारी आहे, तेव्हा नुसता ‘मच’ नको. आणि अर्ज औपचारिक आहे, तेव्हा ‘अ लॉट ऑफ’ही नको. ‘कन्सिडरेबल एक्स्पिरियन्स’ लिहिलं की दोन्ही अडचणी सुटतात. पुढे ‘लॉट्स ऑफ ऑडिट्स’ आहे. हे ‘अ लॉट ऑफ’पेक्षाही सैल, गप्पांतलं रूप. ऑडिट मोजता येतात, त्यामुळे ‘मेनी ऑडिट्स’ होकारातही चांगलं दिसेल. तिसरं वाक्य प्रामाणिक आहे: ‘आय डू नॉट हॅव प्लेंटी ऑफ एक्स्पिरियन्स इन एक्स्पोर्ट वर्क.’ इथे नकार आहे, अनुभव मोजता येत नाही, आणि लेखन औपचारिक आहे. पहिल्या वाक्यातून हाकललेला ‘मच’ इथे हक्काने बसवावा: ‘मच एक्स्पिरियन्स’. चौथ्या वाक्यात अर्जदार पदाविषयी ‘मेनी इन्फर्मेशन्स’ मागतो. माहिती इंग्रजीत मोजता येत नाही, आणि खरं तर त्याला ढीगभर माहिती नकोच आहे, आणखी थोडी हवी आहे. ‘फर्दर इन्फर्मेशन’ पुरेल. शेवटी त्याने ‘थँक यू व्हेरी मच’ लिहिलं आहे. तो ‘मच’ आहे तिथेच राहू द्यावा.