सेलमध्ये F2 की वर फॉर्म्युला बार? एक्सेलमधल्या ॲरो कीचं कोडं

हा आपल्या एपिसोडचा लिखित भाग. ऐकताना कीबोर्ड समोर नसतो, म्हणून स्टेप्स इथे नीट लिहून देतोय. विषय छोटा आहे: एक्सेलच्या सेलमध्ये आधीच काहीतरी लिहिलेलं आहे आणि त्यातला थोडासाच भाग बदलायचाय, तर कसा बदलायचा?

एक उदाहरण घेऊ. सोसायटीच्या मेंटेनन्सची शीट आहे. C कॉलममध्ये रक्कम, D मध्ये पैसे भरायला किती दिवस उशीर झाला ते, आणि E मध्ये एकूण देणं. पंधरा दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तर दोन टक्के दंड, असा नियम आहे. E2 मध्ये हा फॉर्म्युला आहे:

```
=IF(D2>15,C2+C2*2%,C2)
```

C2 मध्ये 2500 आणि D2 मध्ये 18 आहे, म्हणून E2 मध्ये 2550 दिसतं. आता मीटिंगमध्ये ठरलं की 15 ऐवजी 20 दिवसांची सवलत द्यायची. म्हणजे फॉर्म्युल्यातला फक्त एक आकडा बदलायचाय.

E2 सिलेक्ट करून थेट 20 टाइप केलं आणि एंटर दाबलं, तर काय होईल? अख्खा फॉर्म्युला उडेल आणि सेलमध्ये नुसता 20 राहील. एरर येणार नाही, काही लाल होणार नाही. खालच्या टोटलमधून मात्र अडीच हजार रुपये गुपचूप गायब होतील. असा घोळ लगेच लक्षात आला तर Ctrl+Z. नंतर शंका आली तर Ctrl+` दाबा (ही की एस्केपच्या खाली असते). सगळ्या सेलमध्ये उत्तरांऐवजी फॉर्म्युले दिसायला लागतात, आणि त्या रांगेत एकटा बसलेला 20 लगेच डोळ्यात भरतो. तेच परत दाबलं की शीट पूर्ववत.

असं का होतं? एक्सेलच्या खिडकीत अगदी खाली डाव्या कोपऱ्यात एक शब्द असतो, ज्याकडे कुणी बघत नाही. सेल नुसता सिलेक्ट असेल तर तिथे `Ready` लिहिलेलं असतं. टाइप करायला लागलात की तिथे `Enter` येतं. त्याचा अर्थ, तुम्ही सेलमध्ये नवीन मजकूर भरताय, जुना गेला. या मोडमध्ये साधा मजकूर लिहिताना ॲरो की दाबली तर एक्सेल तो मजकूर सेव्ह करून शेजारच्या सेलमध्ये जातं.

F2 दाबलं की त्याच जागी `Edit` दिसतं. जुना मजकूर तसाच राहतो, कर्सर शेवटी येऊन थांबतो, आणि डावी-उजवी ॲरो की आता अक्षरांमधून फिरते. पिनकोडची चूक घ्या. सेलमध्ये ‘सदाशिव पेठ, पुणे 411003’ असं लिहिलंय आणि हवंय 411030. F2, दोनदा बॅकस्पेस, 30, एंटर. झालं. कर्सर शेवटी येतो म्हणून शेवटची चूक सुधारायला F2 सगळ्यात फास्ट.

आपला फॉर्म्युला मात्र मधून बदलायचाय. F2 दाबून शेवटापासून 15 पर्यंत यायला डावी ॲरो तेरा वेळा लागेल. त्यापेक्षा होम की दाबा, कर्सर सुरुवातीला जाईल. मग उजवी ॲरो नऊ वेळा, म्हणजे कर्सर 15 च्या लगेच पुढे. दोनदा बॅकस्पेस, 20, एंटर. E2 मध्ये 2500 आलं पाहिजे, कारण 18 दिवस आता सवलतीत बसतात. पण हा बदल फक्त E2 मध्ये झालाय हं. खालच्या ओळींमध्ये अजून 15 च आहे, तेव्हा फॉर्म्युला खाली ओढून घ्यायला विसरू नका.

एक-एक अक्षर मोजायचा कंटाळा येत असेल तर Ctrl धरून ॲरो दाबा, कर्सर शब्दाशब्दाने उड्या मारतो. Shift धरलं तर जाताना सिलेक्टही होतं. Ctrl+Delete कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंत पुसून टाकतं. आणि मध्येच वाटलं की सगळं बिघडलं, तर एंटर नको, एस्केप दाबा. मजकूर जसा होता तसा परत येतो.

आता ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त लोक वैतागतात ती. समजा E2 रिकामा आहे आणि तुम्ही फॉर्म्युला नव्याने लिहिताय. एवढं टाइप झालं:

```
=IF(D2>15,
```

लक्षात आलं की 15 नाही, 20 हवं होतं. मागे जायला डावी ॲरो दाबली, आणि फॉर्म्युल्याच्या शेवटी आपोआप D2 चिकटलं! कोपऱ्यात बघा, आता तिथे `Point` लिहिलेलं असेल. स्वल्पविरामानंतर एक्सेलला वाटतं की तुम्हाला पुढचा सेल दाखवायचाय. E2 च्या डावीकडे D2 आहे, म्हणून त्याने तोच घेतला. इथेही F2 च दाबायचं. मोड `Edit` होतो, चिकटलेलं D2 बॅकस्पेसने काढा आणि मग ॲरो नेहमीसारखी मागे नेते. पुन्हा सेल निवडायचे असतील तर परत F2. कंडिशनल फॉरमॅटिंगच्या खिडकीतल्या फॉर्म्युल्यातही ॲरो दाबली की असाच नको तो पत्ता घुसतो. तिथेही आधी F2 दाबा.

मग फॉर्म्युला बार कशाला? सेलमध्ये F2 केलं की लांब फॉर्म्युला उजवीकडे पसरतो आणि शेजारचे सेल झाकतो. नेमका त्यातलाच एखादा सेल तुम्हाला क्लिक करायचा असतो. अशा वेळी वरच्या बारमध्ये क्लिक करा. तिथेही मोड `Edit` च असतो आणि कर्सर थेट क्लिक केलेल्या जागी येतो. आपलं 15 आणि 20 चं काम माउसवाल्याने बारमधूनच करावं. सेलवर डबल-क्लिक करूनही मधे जाता येतं, पण क्लिक चुकून सेलच्या कडेवर पडला तर एक्सेल डेटाच्या टोकाला उडी मारतं. मोठा शेरा किंवा Alt+Enter ने पाडलेल्या ओळी असतील तर Ctrl+Shift+U दाबा, बार उंच होतो आणि सगळं एकदम वाचता येतं.

थोडक्यात, शेवटी किंवा सुरुवातीला बदल असेल तर F2, मधेच किंवा लांबलचक मजकुरात असेल तर बार.

जाता जाता तीन गोष्टी. बऱ्याच लॅपटॉपवर F2 ने आवाज किंवा ब्राइटनेस बदलतो, तिथे Fn+F2 दाबा. F2 दाबल्यावर कर्सर सेलऐवजी बारमध्ये जात असेल, तर File, Options, Advanced मध्ये `Allow editing directly in cells` ची टिक गेलेली आहे. आणि गूगल शीट्समध्ये सिलेक्ट केलेल्या सेलवर एंटर दाबलं तरी एडिट सुरू होतं. एक्सेलमध्ये त्याच एंटरने तुम्ही खालच्या सेलमध्ये जाता, तेव्हा दोन्ही वापरणाऱ्यांनी जरा जपून.

आज एखादी जुनी शीट उघडा आणि F2 दाबत डावा कोपरा बघा. ॲरो की काय करणार, ते दाबण्याआधीच कळेल. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!