वुजू आहे, तरी साबण का?

पालकसभा म्हटली की फी, हजेरी आणि गुणपत्रिका एवढेच विषय ठरलेले. पण आमच्या गावातील शाळेच्या मुख्याध्यापकांनी पावसाळ्यातील सभेत या तिन्हींना बाजूला ठेवले. टेबलावर त्यांनी खोबरेल तेल, दालचिनीची पूड, साबण आणि पाण्याची बादली मांडली होती. सलाम करून ते म्हणाले, "आज हात धुवायचे कसे, एवढेच बोलू."

त्यांनी तीन मुलांना पुढे बोलावले, प्रत्येकाच्या तळहातावर थोडे तेल व चिमूटभर दालचिनी टाकली आणि ती दोन्ही हातांना चोळायला सांगितली. "ही पूड म्हणजे जंतू समजा." पहिल्याने नुसत्या पाण्याने हात धुतले. पूड जवळजवळ तशीच राहिली, कारण तेलाला पाणी धरत नाही. दुसऱ्याने साबण लावून लगेच हात पाण्याखाली धरले. तळवे स्वच्छ झाले, पण अंगठा, बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा तपकिरीच राहिल्या. तिसऱ्याला सरांनी बेचा पाढा सावकाश दोनदा म्हणायला लावला. तेवढा वेळ, म्हणजे सुमारे २० सेकंद, त्याने तळवे, हातांची मागची बाजू, बेचक्या, दोन्ही अंगठे आणि नखे चोळली. त्याचे हात निघाले तेव्हा पूड दिसत नव्हती.

सरांनी कारणही सांगितले. आपल्या कातडीवर नेहमी तेलकट थर असतो आणि जंतू त्यालाच चिकटतात. साबण तो थर सोडवतो, मग पाणी त्याला जंतूंसह वाहून नेते. फ्लूसारख्या विषाणूंचे बाहेरचे आवरणच चरबीचे असते. साबणाने ते फुटते. म्हणून चोळणे महत्त्वाचे, नुसता फेस नव्हे.

मागे बसलेल्या एका अम्मींनी विचारले, "सर, आमची मुलं वुजू करतात. मनगटापर्यंत तीनदा हात धुतात, बोटांत खिलालही करतात. मग वेगळं काय धुवायचं?"

सर म्हणाले, "आपा, खिलालाची सवय असलेल्या मुलाच्या बेचक्या इतरांपेक्षा चांगल्या धुतल्या जातात. पण वुजूत साबण नसतो. वुजूने तहारत होते, नमाजसाठी ती पुरते. शौचाहून आल्यावर आणि जेवणाआधी मात्र साबण हवाच. आधी साबणाने हात धुवा, मग वुजू करा." दस्तरखानापूर्वी लोटा-चिलमचीने हातांवर पाणी ओतायची आपल्याकडची रीतही त्यांना चांगली वाटते, कारण सगळ्यांचे हात एकाच भांड्यात बुडत नाहीत. खटकतो तो शेवटी सर्वांमध्ये फिरणारा एकच टॉवेल. ओल्या कापडाने जंतू पुन्हा धुतलेल्या हातांवर येतात. प्रत्येकाचा पंचा वेगळा असावा, नाहीतर हात हवेत वाळवावेत.

सॅनिटायझरचा प्रश्न एका अब्बांनी काढला. त्यात किमान ६० टक्के अल्कोहोल असेल तर प्रवासात ते चालते, पण चिखलाच्या किंवा तेलकट हातांवर त्याचा जोर कमी पडतो, आणि उलट्या-जुलाब करणाऱ्या काही विषाणूंवर तर साबण-पाणीच भरवशाचे.

मग सर खोकल्याकडे वळले. मूल तळहातावर खोकते, त्याच हाताने बाक, दाराची कडी आणि शेजाऱ्याचा डबा धरते. शेजारी पोळी खातो, डोळा चोळतो, आणि जंतू आत जातो. शिंकताना हाताने किंवा कपड्याने चेहरा झाकणे ही नबी (स.) यांची सुन्नत. "बाहीसुद्धा कपडाच," सर म्हणाले. कोपराच्या आतल्या बाजूत खोकावे, कारण तिथून जंतू कडीला लागत नाहीत. रुमाल किंवा ओढणीचे टोक वापरले तर ते हातात चुरगळत बसू नये आणि रोज धुवावे. हातावरच खोकला आला तर लगेच साबण.

"एवढ्याने सगळे आजार थांबतील असे मी म्हणत नाही," त्यांनी स्पष्ट केले. गोवर हवेतून पसरतो, त्याला लसच हवी. वर्गाच्या खिडक्या उघड्या हव्यात. ताप आलेले मूल औषधाशिवाय पूर्ण एक दिवस तापमुक्त राहीपर्यंत घरी ठेवावे. सकाळी गोळी देऊन शाळेत पाठवले की दुपारी ताप परत येतो, आणि तोवर अर्धा वर्ग त्याच्या संपर्कात आलेला असतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, ती करून घ्यावी.

शेवटी प्रश्न साबणाचा आला. वडी नळाजवळ ठेवली की ती चिखलात पडते, विरघळते किंवा हरवते. सरांचा उपाय साधा होता. कांद्याच्या पिशवीच्या जाळीत वडी बांधायची आणि ती नळाला टांगायची. पाणी निथळते, वडी कोरडी राहते, मुले जाळीसकट हात चोळतात. वर्गातील प्रत्येक घराने आळीपाळीने एक वडी द्यावी, असे ठरले आणि पहिल्या महिन्याची यादी सभेतच भरली. आम्ही नाव लिहिले ते तिसऱ्या आठवड्यासाठी.