समेवर कात्री
लेखमाला : खिशातला स्टुडिओ – भाग ७

गेल्या आठवड्यात आपण गाण्याचा तुकडा व्हिडिओखाली बसवला. त्यावर बऱ्याच जणांची एकच तक्रार असते : तीस सेकंदांची मर्यादा आहे, म्हणून बरोबर तीस सेकंदांवर कापलं, पण शेवट कानाला खटकतो. फेड-आउट देऊनही खटकतोच. याचं कारण असं की गाण्याला सेकंद कळत नाहीत, त्याला मात्रा कळतात. तीस सेकंद पूर्ण होतात तेव्हा गाणं आवर्तनाच्या तिसऱ्या मात्रेवर असेल, नाहीतर सहाव्या. ऐकणाऱ्याला ताल येत नसला तरी त्याचा पाय सम शोधत असतो, आणि ती मिळायच्या आधीच गाणं बंद पडतं.

म्हणून या भागातलं मुख्य सूत्र असं : तुकडा सुरुवातीपासून मोजायचा नाही, शेवटापासून मागे मोजायचा. आधी शेवटची सम ठरवायची आणि तिच्यापासून उलटं येत सुरुवात शोधायची.

एक उदाहरण सविस्तर करून पाहू. घरच्या लग्नाच्या फोटोंचा तीस सेकंदांचा व्हिडिओ करायचा आहे आणि गाणं केरव्यात आहे, म्हणजे आठ मात्रांचं आवर्तन. पहिलं काम लय मोजण्याचं. मोबाइलमधली लय सांगणारी ॲप्स सोयीची असतात, पण केरव्यासारख्या ठेक्यात ती हमखास दुप्पट किंवा निम्मा आकडा दाखवतात. त्यापेक्षा हाताने मोजलेलं बरं. ऑडॅसिटीमध्ये गाणं उघडा, ते वाजत असताना प्रत्येक समेला Ctrl+M दाबा, तिथे खूण पडते. आपलं बोट थोडं उशिराच पडतं. त्यामुळे नंतर आलेख मोठा करून प्रत्येक खूण मागे सरकवायची. ढोलकीचा किंवा तबल्याचा ‘धा’ आलेखात लगेच ओळखू येतो. डग्ग्याचा भरदार आघात असतो, त्यामुळे रेघ एकदम उभी चढते आणि हळूहळू उतरते. जिथे ती चढायला लागते तिथे सम.

एकाच आवर्तनावर विसंबू नका, चार आवर्तनं एकदम मोजा. मोजण्यातली चूक तेवढ्या भागांत विभागली जाते. आपल्या गाण्यात समजा चार आवर्तनांना २०.४८ सेकंद लागले. म्हणजे एक आवर्तन ५.१२ सेकंदांचं आणि एक मात्रा ०.६४ सेकंदाची.

आता तीस सेकंदांत काय मावतं ते पाहू. पाच आवर्तनांचे २५.६ सेकंद होतात, सहा घेतली तर ३०.७२, म्हणजे मर्यादेबाहेर. पाच घेतली तर ४.४ सेकंद उरतात. हे उरलेले सेकंद कुठेतरी ‘भरायचे’ म्हणून बहुतेक जण पुढच्या आवर्तनाचा तुकडा घेतात आणि तिथेच घोटाळा होतो. ते शेवटी न घेता दोन टोकांना वाटायचे. आपल्याकडच्या गाण्यांचा मुखडा पुष्कळदा समेवर सुरू होत नाही. तो काही मात्रा आधी उठतो आणि समेवर येऊन बसतो. आपल्या गाण्यात तो पाचव्या मात्रेपासून उठत असेल तर समेच्या आधीच्या चार मात्रा, म्हणजे २.५६ सेकंद, सुरुवातीला घ्या. त्यापुढे पाच आवर्तनं. शेवटची सम पडते २८.१६ व्या सेकंदाला आणि तिच्यामागे १.८४ सेकंद उरतात. एवढा वेळ त्या शेवटच्या आघाताच्या आसेला पुरतो.

मूळ गाण्यात आपल्याला हवी ती शेवटची सम १ मिनिट ३५.२० सेकंदांवर असेल, तर तिच्यामागे २८.१६ सेकंद जायचं. सुरुवात येते १ मिनिट ७.०४ सेकंदांवर. पण हा आकडा म्हणजे फक्त पत्ता. तिथे पोहोचल्यावर आलेख मोठा करून बघायचं, कारण जुन्या गाण्यांत सगळा वाद्यवृंद एकत्र वाजवायचा, घड्याळाचा ठोका कानात नसायचा, त्यामुळे लय दोन-चार शतांश सेकंदांनी पुढेमागे होते. लावणीत तर ढोलकी रंगात आली की लय चढतेच. आकडा आणि आलेख यांत फरक पडला तर आलेखाचं ऐका. जो काही थोडा फरक राहील तो शेवटच्या आसेत टाका. तिथे १.८४ ऐवजी १.८० सेकंद झाले तरी कोणाला कळत नाही. तोच फरक मध्ये कुठे आला तर ठेका अडखळतो.

आता त्या शेवटच्या समेचं. आपल्या संगीतात शेवट समेच्या आधी होत नाही, समेवर होतो. तिहाईचा तिसरा ‘धा’ समेवर पडला की टाळी येते. म्हणून कात्री समेच्या अलीकडे लावायची नाही, समेचा आघात वाजू द्यायचा. अडचण अशी की मूळ गाणं समेवर थांबत नाही. ०.६४ सेकंदांनी पुढची मात्रा येते आणि गायिका पुढची ओळ उचलते. १.८४ सेकंदांचा फेड-आउट दिला तर त्यात त्या ओळीचे दोन-तीन शब्द अर्धवट ऐकू येतात, आणि ते फार वाईट वाटतं. यावर दोन उपाय आहेत. पहिला उपाय म्हणजे सम निवडतानाच अशी निवडा जिथे ओळ संपते आणि पुढे नुसती वाद्यं आहेत. मग आघातानंतर आवाज हळूहळू उतरवला तरी चालतो. दुसरा उपाय गाण्याच्या अगदी शेवटी आहे. तिथे एखादा ठाम आघात आणि त्याची आस असेल तर तेवढाच भाग उचलून २८.१६ वर बसवा. मात्र गाणं शेवटी एखाद्या सुराने वर चढवलेलं नाही ना, एवढं आधी तपासा. ज्या गाण्यांचा शेवट रेकॉर्डवरच विरत गेलेला आहे तिथे हा उपाय लागू नाही.

रील किंवा शॉर्ट संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, तिथे मात्र नियम उलटा होतो. समेवर शेवट करून पुन्हा पहिल्या फ्रेमवर समच आली तर सम दोनदा पडते. म्हणून तिथे तुकडा समेवर सुरू करायचा आणि पुढच्या समेच्या अगदी अलीकडे तोडायचा. ती सम पहिली फ्रेमच पुरवते. आपल्या गाण्यात नेमके २५.६ सेकंद, पाच पूर्ण आवर्तनं, शेवटी फेड अजिबात नाही. तीसच सेकंद हवेत असा हट्ट असेल तर सहा आवर्तनं घेऊन ३०.७२ चे ३० करा. ऑडॅसिटीतल्या Change Tempo मध्ये २.४ टक्के वाढ द्यायची. एवढी वाढ सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण सूर तसाच राहतो. त्याच मेनूतलं Change Speed चुकून वापरलं तर सूर जवळपास पाव स्वराने चढतो आणि ओळखीचा आवाज परका वाटायला लागतो.

कापतानाची एक बारीक गोष्ट. आघात सुरू होतो त्याच्या पाच-दहा मिलिसेकंद आधी कापा. आघाताच्या मध्ये कापलं तर ‘धा’चा ‘ध’ गळून नुसता ‘आ’ उरतो. आणि जिथे लहर मधल्या रेषेला छेदते तिथेच कापा, नाहीतर जोडावर ‘टक’ असा आवाज येतो. ऑडॅसिटीत भाग निवडून Z दाबलं की निवड आपोआप जवळच्या छेदबिंदूवर सरकते. हे सगळं डब्ल्यूएव्ही फाइलवर करायचं. एमपी३ फाइल सुमारे २६ मिलिसेकंदांच्या ठोकळ्यांची असते, आणि ती पुन्हा न रचता कापणारी साधनं ठोकळ्याच्या कडेवरच कापतात. शिवाय एमपी३ करताना सुरुवातीला थोडी शांतता चिकटते, ती पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या रीलच्या जोडावर ऐकू येते.

आता फोटो. ३० फ्रेमच्या व्हिडिओत आपली ०.६४ सेकंदाची मात्रा १९.२ फ्रेमची होते. बरेच जण दर मात्रेला १९ फ्रेम धरून फोटो लावत जातात. पहिल्या आवर्तनात काही जाणवत नाही. पण चाळिसाव्या मात्रेला ७६८ ऐवजी ७६० फ्रेम होतात. आठ फ्रेम म्हणजे पाव सेकंदाहून जास्त, आणि शेवटच्या फोटोंचा ठेका सरळसरळ सुटतो. म्हणून आधीच्या फोटोपासून मोजायचं नाही, दर वेळी पहिल्या समेपासून गुणाकार करायचा : चौथ्या मात्रेनंतर ७६.८, आठव्यानंतर १५३.६. अपूर्णांक आला तर खालचा आकडा घ्या, ७६ आणि १५३.

खालचाच का? चित्र आवाजाच्या किंचित आधी आलेलं माणसाला चालतं, मागे राहिलेलं चालत नाही. दूरवर कोणी कपडे आपटत असेल तर दणका आपल्याला उशिराच ऐकू येतो, त्याची सवय आपल्या मेंदूला आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने प्रसारणासाठी दिलेल्या आकड्यांनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तरी लोकांना कळतं. तो मागे राहिला तर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत कळत नाही. एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची. तेव्हा फोटो एक-दोन फ्रेम लवकर बदलला तरी तो तालातच वाटतो.

हे तपासताना ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवा. त्यांत आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोहोचू शकतो. काही ॲप्स चित्रही तेवढंच मागे ठेवतात, काही ठेवत नाहीत. त्यावर विसंबून ताल जुळवला तर फोनच्या स्पीकरवर सगळं घसरलेलं दिसतं. वायरचा हेडफोन लावा, चित्राकडे न बघता तुकडा ऐका आणि समेला टाळी द्या. शेवटची टाळी तुमच्या हातून आपोआप पडली तर कापणं जमलं. ती कुठे द्यावी असा क्षणभर प्रश्न पडला, तर फेड-आउट लांबवू नका, कापायची जागाच बदला.

पुढच्या भागात दादऱ्यातल्या गाण्यांबद्दल बोलू. सहा मात्रांचं आवर्तन तीस सेकंदांत कसं बसतं, हे तोवर एखादं गाणं घेऊन स्वतः मोजून ठेवा.